खोकल्याच्या उत्तरातली दोन वाक्ये

वाचकांच्या घरगुती प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या सदरात विषयांची सरमिसळ असते. गव्हाला पोरकिडे लागू नयेत म्हणून काय करावे, तांब्याचा हंडा कशाने घासावा, पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग कसा काढावा, लोखंडी तवा गंजू नये यासाठी काय करावे, थंडीत इडलीचे पीठ का आंबत नाही, असे पाच प्रश्न असतात आणि त्यांच्यामध्येच सहावा येतो : लहान मुलाला रात्री खोकल्याची उबळ येते, घरच्या घरी काय देता येईल? पहिल्या पाच उत्तरांत चूक झाली तर फार तर गहू, सदरा किंवा पीठ वाया जाते. सहावे उत्तर ज्याच्यासाठी नव्हे अशा बाळाला लागू केले गेले, तर त्याला रुग्णालयात दाखल करावे लागू शकते. त्यामुळे त्या एका उत्तराला खबरदारीची जोड हवी. ही जोड किती लांब असावी, तिच्यात काय यावे आणि बाकीच्या पाच उत्तरांवर तिचा भार का पडू नये, हे या खोकल्याच्या उत्तरावरून नीट पाहता येते.

उत्तर आणि त्यातली अडचण

खोकल्यासाठी सदरात साधारण असे उत्तर छापले जाते : झोपण्यापूर्वी एक चहाचा चमचा मध नुसता किंवा कोमट पाण्यात द्यावा, हवे तर त्यात आल्याच्या रसाचे दोन-तीन थेंब घालावेत. सल्ला वाईट नाही. सर्दीमुळे येणाऱ्या खोकल्यात मधाने घशाला आराम पडतो आणि रात्रीची उबळ थोडी कमी होते, असे एक वर्षावरील मुलांवर झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. खोकल्याच्या बाजारी औषधांचा लहान मुलांना होणारा उपयोग संशयास्पद आहे आणि त्यांचे दुष्परिणाम मात्र खरे आहेत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरात दिला. अशा वेळी चमचाभर मध हा तुलनेने बरा पर्याय ठरतो.

अडचण ‘एक वर्षावरील’ या दोन शब्दांत आहे. विचारणाऱ्या आईचे मूल चार वर्षांचे असेल, पण सदर वाचणाऱ्या घरात चार महिन्यांचे बाळही असू शकते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू कधी कधी असतात. हा जिवाणू मातीत आणि धुळीत सगळीकडे सापडतो. मधात पाणी कमी आणि आम्लता जास्त असल्यामुळे तो तिथे वाढत नाही, पण त्याचे बीजाणू सुप्त अवस्थेत टिकून राहतात. मोठ्या माणसाच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या आतड्यात इतर जिवाणूंची वस्ती पक्की झालेली असते, त्यामुळे हे बीजाणू रुजत नाहीत आणि शरीराबाहेर पडतात. पहिल्या वर्षात ही वस्ती पुरती बसलेली नसते. बाळाच्या आतड्यात बीजाणू रुजले तर जिवाणू तिथेच वाढतो आणि विष तयार करतो. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवते. आधी बाळाला बद्धकोष्ठ होते, मग रडणे क्षीण होते, दूध ओढायला जोर लागत नाही, पापण्या जड होतात आणि मान सैल पडते. श्वासाचे स्नायू दुबळे झाले तर कृत्रिम श्वासाची गरज पडते. हा आजार १९७६मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बाळे बरी होतात, पण त्यासाठी अनेक आठवडे लागू शकतात.

मध उकळला तरी हा धोका टळत नाही. हे बीजाणू पाण्याच्या उकळबिंदूला, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची सुमारे १२१ अंशांची वाफ लागते. रानातला मध, गाळलेला मध आणि बाटलीबंद मध यांत या बाबतीत फरक करता येत नाही, कारण बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांनी चवही बदलत नाही.

मराठी घरांत हा मुद्दा अधिक नाजूक आहे. जातकर्मात नवजात बाळाला सोन्याने मध आणि तूप चाटवण्याची रीत जुनी आहे, आणि बाळघुटी उगाळताना ती मधात कालवण्याची सवय आजही अनेक घरांत आहे. अशा घरातली आजी ‘आमच्याकडे सगळ्यांना मध चाटवला, कुणाला काही झाले नाही’ असे म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. बहुतेक मधात हे बीजाणू नसतात आणि असले तरी प्रत्येक बाळ आजारी पडत नाही. हा आजार विरळ आहे. त्याच्या बऱ्याच रुग्णांत मधाचा संबंधही सापडत नाही, कारण बीजाणू धुळीतूनही पोटात जातात. पण धूळ टाळणे कुणाच्या हातात नसते, मध न देणे मात्र असते. म्हणून खबरदारीचे वाक्य भीती न घालता, पण कोणतीही पळवाट न ठेवता लिहावे लागते.

काय घ्यायचे आणि काय सोडायचे

खोकला आणि मध यांच्याबद्दल खऱ्या अशा पुष्कळ सूचना देता येतील. एक वर्षाखालील बाळाला मध नको. श्वास जोरात चालत असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर तपासणी करावी, कारण मागे क्षयरोग किंवा दमा असू शकतो. मधुमेह असलेल्यांनी मधातली साखर हिशेबात धरावी. मध खाऊन अंगावर पित्त उठत असेल तर तो टाळावा. रात्री मध दिल्यावर दात घासावेत. या सहाही गोष्टी बरोबर आहेत. पण सहाही छापल्या तर चार ओळींच्या उत्तराला दहा ओळींची शेपटी लागते आणि वर्षाखालील बाळाची सूचना दात घासण्याच्या सूचनेच्या रांगेत जाऊन बसते.

निवड करताना प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न लावावेत. वाचक या उत्तराप्रमाणे वागला तर होणारे नुकसान गंभीर किंवा भरून न येणारे आहे का? ते वाचकाला स्वतःहून कळण्यासारखे नाही का? आणि हे उत्तर वाचणाऱ्यांत ज्यांना ते लागू पडत नाही असे लोक नक्की असणार आहेत का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर सूचना राहते.

वर्षाखालील बाळाची सूचना तिन्ही कसोट्यांना उतरते. नुकसान गंभीर आहे, मध निरुपद्रवी वाटत असल्यामुळे धोका सहसा सुचत नाही, आणि सदर वाचणाऱ्या घरांत तान्ही बाळे असतातच. जोरात चालणाऱ्या श्वासाची सूचनाही टिकते. ती मधाबद्दल नसून उत्तर कुठे संपते त्याबद्दल आहे : घरगुती उपाय साध्या सर्दीखोकल्यासाठी आहे, न्यूमोनियासाठी नाही. दोन आठवड्यांच्या खोकल्याची सूचना महत्त्वाची असली तरी इथे तिची निकड कमी आहे, कारण इतके दिवस खोकणाऱ्या मुलाला घरचे लोक बहुधा दाखवतातच. जागा असेल तर ती अर्ध्या वाक्यात बसवावी, नसेल तर सोडावी. मधुमेह असलेल्याला मध गोड असतो हे सांगावे लागत नाही. ज्याला मधाने पित्त उठते त्याला ते आधीच ठाऊक असते. दात घासणे ही चांगली सवय आहे, इशारा नाही.

वाक्य कसे लिहायचे

अशा उत्तरांखाली बहुधा हे वाक्य छापलेले असते : ‘कोणताही उपाय करण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ या वाक्यात चूक काही नाही, पण त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. डॉक्टरांना विचारायचेच असते तर आईने सदराला प्रश्न पाठवला नसता. शिवाय धोका कुणाला आहे, कशाचा आहे आणि कधी आहे, यांपैकी एकही गोष्ट त्यातून कळत नाही. चार महिन्यांच्या बाळाची आजी हे वाक्य वाचून मधाचे बोट मागे घेणार नाही.

दुसरे टोक म्हणजे सगळे शास्त्र समजावून सांगणे. जिवाणूचे नाव, बीजाणू, विष आणि मज्जातंतू हे सारे वर या लेखात आले आहे, पण खोकल्याच्या चार ओळींच्या उत्तरात त्याला जागा नाही. वाचकाला कृती हवी असते. कारण एखाद्या शब्दात दिले तर ते कृतीला आधार देते, परिच्छेदभर दिले तर कृतीच झाकली जाते.

चांगल्या सूचनेत चार गोष्टी येतात : कुणासाठी, काय करू नये, नेहमीची पळवाट कोणती, आणि कोणती लक्षणे दिसली तर काय करावे. खोकल्याच्या उत्तरासाठी ती अशी लिहिता येते :

‘एक वर्ष पूर्ण न झालेल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, उकळलेला किंवा घुटीत कालवलेलाही नाही, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मूल कोणत्याही वयाचे असो, श्वास जोरात चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा ते दूध-पाणी घेत नसेल, तर घरी उपाय करत न बसता त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.’

ही दोन वाक्ये शब्द मोजूनमापून लिहिलेली आहेत. ‘लहान बाळाला’ असे लिहिले असते तर कुणी तीन महिन्यांची मर्यादा धरली असती, कुणी तीन वर्षांची. ‘एक वर्ष पूर्ण न झालेल्या’ यात ती शंका उरत नाही. ‘शक्यतो देऊ नये’ असे लिहिले की थोडा दिला तर चालतो असा अर्थ निघतो, म्हणून ‘मुळीच’. उकळणे आणि घुटी यांचा उल्लेख नसता तर नेमक्या त्याच वाटेने मध बाळाच्या पोटात गेला असता. ‘क्वचित’ हा शब्द धोका फुगवू देत नाही आणि ‘गंभीर’ हा शब्द तो झटकून टाकू देत नाही. बरगड्यांखालचा खड्डा हे लक्षण घरात, उपकरणाशिवाय, मुलाचे झबले वर करून पाहता येते. आरोग्य कर्मचारी श्वास मोजून ठरवतात : दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. हे आकडे उपयोगी आहेत, पण मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. ते समजावून सांगायला वेगळा लेख हवा, इथे नुसते दिसणारे लक्षण पुरते.

जागा कोणती

सूचना कुठे ठेवली यावर ती वाचली जाईल की नाही हे ठरते. सदराच्या तळाशी बारीक टायपात छापलेली टीप खोकल्याच्या उत्तरापासून दूर पडते. त्यातच सदरे क्वचितच सलग वाचली जातात. वाचक आपल्याला हवा तो प्रश्न शोधतो, त्याचे कात्रण ठेवतो किंवा तेवढ्याच भागाचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकतो. त्या फोटोत तळाची टीप येत नाही. म्हणून सूचना उत्तराच्या आतच, त्याच परिच्छेदात हवी. कात्रण कसेही कापले तरी ती सुटू नये.

परिच्छेदातही तिची जागा ठरलेली आहे. मधाची बंदी मधाच्या मात्रेआधी यायला हवी. ‘एक चमचा मध द्यावा’ हे वाचून स्वयंपाकघराकडे वळलेला वाचक पुढची ओळ वाचायला परत येईल याची खात्री नसते. म्हणून उत्तराची सुरुवातच वयाने करावी : ‘एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी एक चहाचा चमचा मध द्यावा.’ असे लिहिले की बंदीचा अर्धा भाग उपायातच विरघळतो, आणि बंदीचे वाक्य त्याला लागूनच येते. श्वासाच्या लक्षणांचे वाक्य मात्र शेवटी शोभते, कारण उपाय करून झाल्यावर मुलावर लक्ष ठेवताना ते लागते.

ठळक टाईप, लाल चौकट किंवा उद्गारचिन्हांची रांग यांची इथे गरज नाही. सहा उत्तरांत एकालाच चौकट घातली तर डोळे आधी तिकडे जातात आणि मधासारखी नेहमीची गोष्ट विषासारखी दिसू लागते. मग चार वर्षांच्या मुलालाही मध द्यायला आई कचरते. ‘एक वर्ष’ हे दोन शब्द ठळक केले तरी काम भागते.

बाकीच्या पाच उत्तरांचे काय

सदराचा संपादक सावध असेल तर त्याला एक सोपा मार्ग सुचतो : प्रत्येक उत्तराखाली तेच सावधगिरीचे वाक्य टाकायचे, म्हणजे कुठे काही राहून जायची भीती नको. हळदीचा डाग साबणाने धुऊन सदरा उन्हात वाळवावा, कारण हळदीचा रंग उजेडात फिका पडतो, एवढे सांगून झाले की खाली ‘हा उपाय स्वतःच्या जबाबदारीवर करावा’. तांब्याचा हंडा चिंच आणि मिठाने घासावा, खाली पुन्हा तेच. चौथ्या उत्तरापर्यंत वाचकाची नजर त्या ओळीवरून घसरायला शिकलेली असते, आणि सहाव्या उत्तरात जेव्हा खरोखर थांबायला हवे तेव्हा ती तशीच घसरते. सगळीकडे छापलेला इशारा कुणी वाचत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घडले आहे. १९८६मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन ६५’ या कायद्यानुसार कर्करोग किंवा जन्मदोष घडवू शकणाऱ्या रसायनांची सूचना देणे व्यावसायिकांना बंधनकारक झाले. सूचना न दिल्यास खटला होऊ शकतो, दिल्यास काही बिघडत नाही, म्हणून पाट्या सगळीकडे लागल्या : वाहनतळांवर, हॉटेलांत, दिव्यांच्या खोक्यांवर. कॉफी भाजताना तयार होणाऱ्या ॲक्रिलामाइडमुळे कॉफीच्या दुकानांवरही पाट्या लागण्याची वेळ आली, तेव्हा २०१९मध्ये नियमात बदल करून कॉफीला त्यातून वगळावे लागले. २०१८पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी आणखी एक दुरुस्ती केली : सूचनेत निदान एका रसायनाचे नाव हवे, नुसते ‘काही रसायने आहेत’ चालणार नाही. मोघम सूचनेतून ग्राहकाला काही ठरवता येत नाही, हे त्यामागचे कारण.

याउलट, नेमकी सूचना किती काम करते याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिले तर ‘रे सिंड्रोम’ हा मेंदू आणि यकृत यांना ग्रासणारा आजार होण्याचा धोका वाढतो, हा संबंध १९८०मध्ये पुढे आला. त्या वर्षी मुलांत ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. पुढे सरकारने लोकांना सावध केले आणि १९८६पासून ॲस्पिरिनच्या वेष्टनावर ही सूचना आली. १९८७नंतरच्या दशकात वर्षाला ३६ पेक्षा जास्त रुग्ण कधीच नोंदले गेले नाहीत. त्या सूचनेत कोणते औषध, कोणते वय आणि कोणता आजार हे तिन्ही स्पष्ट होते. ‘मुलांना औषधे जपून द्यावीत’ एवढेच छापले असते तर तापलेल्या मुलाच्या आईने ॲस्पिरिनची गोळी बाजूला ठेवण्याचे कारण नव्हते.

अर्थात बाकीच्या उत्तरांना भार नको म्हणजे ती न तपासता सोडावीत असे नाही. तीच तीन प्रश्नांची कसोटी प्रत्येक उत्तराला लावायची असते. गव्हात कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालण्याच्या उत्तराला काही जोडावे लागत नाही. पण त्याच उत्तरात धान्य कोठारात वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा उल्लेख असेल, तर इशाऱ्याने भागत नाही. त्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद घरात जीव घेऊ शकतो, म्हणून तो उपाय उत्तरातून काढूनच टाकावा लागतो. न्हाणीघरातल्या फरशीच्या प्रश्नात ॲसिडचा उल्लेख आला, तर ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नये हे सांगावेच लागते, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. उलट, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते हा प्रश्न डोळ्यांविषयीचा असला तरी त्याच्या उत्तराला एकही इशारा लागत नाही. सूचना विषयाला चिकटत नाही, संभाव्य नुकसानाला चिकटते.

तपासून पाहणे

सूचना नीट बसली का, हे छापण्यापूर्वी ताडून पाहता येते. आरोग्यविषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला पूर्ण सदर वाचायला द्यावे, सूचनेबद्दल आधी काही सांगू नये. वाचून झाल्यावर पान बाजूला ठेवून त्याला विचारावे : शेजारच्या आठ महिन्यांच्या बाळाला खोकला झाला आहे, तर काय देता येईल? ‘मध’ असे उत्तर आले तर बंदी उशिरा आली आहे किंवा वय पुसट आहे. ‘डॉक्टरांना विचारावे लागेल’ एवढेच उत्तर आले तर सूचना मोघम आहे. ‘मध नको, एक वर्ष व्हायचे आहे’ असे उत्तर आले तर ती पोचली. मग आणखी दोन प्रश्न विचारावेत : चार वर्षांच्या मुलाला मध चालेल का, आणि हळदीच्या डागाचे काय करायचे होते? पहिल्याला ‘नको, धोका आहे’ असे उत्तर आले तर सूचना गरजेपेक्षा जड झाली आहे. दुसऱ्याला वाचक अडखळला तर एका उत्तराच्या सूचनेने शेजारच्या उत्तराची जागा खाल्ली आहे. दोन्ही दोषांवर इलाज सारखाच : शब्द कमी करावेत, वय आणि कृती तशीच ठेवावी.